चोवीस तासांची मुदतवाढ: ‘ऑपरेटिंग सिस्टिम’च्या एका मेलचं प्रकरण

मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाची ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ची लॅब घेते. विषय सर शिकवतात, सबमिशनच्या तारखाही तेच ठरवतात. मुदतवाढीचे मेल त्यांच्याकडे जातात, पण पाठवण्याआधी मुलं बरेचदा मला दाखवायला आणतात. हे प्रकरण अशाच एका मेलचं. मूळ मेल इंग्रजीत होता, इथे मजकूर मराठीत दिला आहे. विद्यार्थिनीच्या परवानगीने लिहिते आहे, नाव मात्र देत नाही.

असाइनमेंट नेहमीचीच होती: सी भाषेत छोटा शेल लिहायचा. `fork`, `execvp`, `pipe`, `dup2`, `open`, `close`, `waitpid` एवढंच वापरायचं, `system` किंवा `popen` चालणार नाही. एक कमांड चालली पाहिजे, कितीही कमांड पाइपने जोडता आल्या पाहिजेत, `<` आणि `>` हे रिडायरेक्शन पाइपलाइनमध्येही चाललं पाहिजे. मुदत शुक्रवार रात्री 11:59, त्यानंतर दिवसाला दहा टक्के गुण वजा, आणि सोमवारी व्हायवा.

गुरुवारी संध्याकाळी लॅब सुटताना ती लॅपटॉप उघडाच हातात धरून आली. “मॅडम, सरांना हा मेल टाकू का?” मेल असा होता:

> आदरणीय सर, मी गेले तीन दिवस या असाइनमेंटवर खूप मेहनत घेत आहे. माझा कोड बरोबर आहे पण पाइप चालत नाही. सगळं करून पाहिलं. घरी पाहुणे आहेत आणि लॅपटॉपही स्लो आहे, त्यामुळे वेळ कमी पडला. मैत्रिणीचा शेल चालतो, माझंही लॉजिक तसंच आहे. कृपया मुदत थोडे दिवस वाढवून द्यावी ही नम्र विनंती.

यातलं काहीही तिने खोटेपणाने लिहिलं नव्हतं, हे आधी सांगते. घरी खरंच पाहुणे होते आणि तीन दिवस ती खरंच बसली होती. पण हा मेल वाचून सरांना ठरवता काय येणार? ‘पाइप चालत नाही’ म्हणजे प्रोग्राम क्रॅश होतो, चुकीचं उत्तर देतो की नुसता अडकून बसतो? या तिन्हींची कारणं वेगळी असतात आणि त्यांना लागणारा वेळही वेगळा. ‘सगळं करून पाहिलं’ यात काय केलं ते कळत नाही. ‘थोडे दिवस’ म्हणजे दोन की सात, हे सरांनीच ओळखायचं. आणि ‘माझा कोड बरोबर आहे’ हे तर दावा म्हणूनही टिकत नाही, कारण पाइप अडकतोय तो त्याच कोडमध्ये.

मला सर्वांत खटकलं ते मैत्रिणीचं वाक्य. मी विचारलं, “तू तिचा कोड पाहिलास का?” ती दचकलीच. “नाही मॅडम, तिच्या लॅपटॉपवर चालताना पाहिला फक्त.” मग ‘लॉजिक तसंच आहे’ हे तिला कुठून कळलं? दोघींनी कॅन्टीनमध्ये बोलताना फळ्यावरचीच आकृती काढली होती, इतकंच. पण तपासणाऱ्याला या वाक्यातून कोड एकमेकींना दाखवल्याचा वास येतो. जे झालेलंच नाही त्याचा संशय ती स्वतःच्या हाताने ओढवून घेत होती. ते वाक्य आम्ही काढलं. तिने कोड खरंच पाहिला असता, तर मात्र ते तसंच स्पष्ट लिहायला मी सांगितलं असतं.

मग म्हटलं, मेल राहू दे बाजूला. आधी नेमकं काय होतं ते दाखव. तिने शेल चालू केला आणि तीन ओळी टाइप केल्या.

```
msh> cat marks.txt | wc -l
40
msh> cat marks.txt | head -1 | wc -l
1
msh> cat marks.txt | sort | wc -l
```

तिसऱ्या ओळीनंतर कर्सर नुसता लुकलुकत राहिला. एरर नाही, प्रॉम्प्ट नाही. तिने कंट्रोल-सी दाबून शेलच बंद केला.

दोन कमांडचा पाइप चालतो, तीनचा कधी चालतो आणि कधी अडकतो, ही तिची खरी डोकेदुखी होती. बुधवारची अख्खी संध्याकाळ तिने एका चुकीच्या कारणामागे घालवली होती, आणि ते कारण सुचणं अगदी स्वाभाविक होतं. `head` असलेली ओळ 60 केबीच्या फाइलवर चालायची, 100 केबीच्या फाइलवर अडकायची. लिनक्सवर पाइपची क्षमता मुळात 64 केबी असते, हे तिला वर्गातलं आठवत होतं. तिने निष्कर्ष काढला की पाइप भरतो, म्हणून लिहिणारा थांबतो. मग `fcntl` आणि `F_SETPIPE_SZ` वापरून तिने पाइप 1 एमबीचा केला, आणि 100 केबीची फाइल चालायला लागली! तिला वाटलं, सुटलं. पण 40 ओळींच्या फाइलवर `sort` तसाच अडकलेला. 40 ओळींनी 64 केबीसुद्धा भरत नाहीत.

हे मला सांगताना तिचा चेहरा उतरला होता. तिच्या लेखी ती संध्याकाळ वाया गेली होती. माझ्या मते मेलमध्ये लिहिण्याजोगी सर्वांत मोलाची गोष्ट हीच होती, कारण एक शक्यता तिने प्रयोग करून बाद केली होती. “मेहनत घेतली” असं लिहिण्याऐवजी हा प्रयोग लिहिला, तर मेहनत आपोआप दिसते आणि वाचणाऱ्याला माहितीही मिळते.

एक गोष्ट मात्र राहिली होती. शेल अडकलेला असताना कोणती प्रोसेस जिवंत आहे आणि कशासाठी थांबली आहे, हे तिने पाहिलंच नव्हतं. `gdb` लावून पाहिला होता, पण तो शेलच्या मूळ प्रोसेसला. तिथे फक्त `waitpid` दिसणार, कारण शेल मुलांची वाट पाहत असतो. आम्ही शेल `strace -f` खाली चालवला. (चालू प्रोसेसला बाहेरून `strace -p` जोडायला आमच्या लॅबच्या मशीनवर परवानगी मिळत नाही. शेलच त्याच्याखाली सुरू केला की ही अडचण येत नाही.) ढीगभर ओळी सरकल्या आणि थांबल्या. `cat` संपला होता. `sort` आणि `wc` दोघेही इथे अडकलेले:

```
read(0, 
```

कंस उघडा आणि पुढे उत्तर काहीच नाही. म्हणजे दोघेही आपापल्या इनपुटवर वाचत बसले आहेत आणि दोघांनाही ‘संपलं’ असं कुणी सांगत नाही. `wc` अडकला, कारण `sort` संपला नाही, हे उघडच आहे. पण `cat` संपून गेल्यावर `sort` कुणाची वाट पाहतोय?

इथे मी थांबले. उत्तर मला कळलं होतं. पण असाइनमेंट तिची होती आणि व्हायवामध्ये नेमका हाच प्रश्न येतो. शिवाय सहा वाजत आले होते, लॅबला कुलूप लागणार होतं. मी एवढंच म्हटलं, की आता तुझ्याकडे मेलमध्ये लिहिण्यासारखं आहे.

मुदत किती मागायची यावर आमचं बोलणं सर्वांत जास्त वेळ चाललं. तिला तीन दिवस हवे होते. कारण विचारलं तर म्हणाली, “बग कधी सापडेल ते माहीत नाही ना, मॅडम.” बरोबरच आहे, न सापडलेल्या बगला तारीख लावता येत नाही. पण म्हणूनच मुदत बगच्या हिशेबाने मागून चालत नाही, तिला अंत राहत नाही. मुदत मागायची ती बाकीच्या कामाच्या हिशेबाने, आणि सोबत लिहायचं की बग सुटला नाही तरी त्या वेळेला मी काय देईन. तिचं रिडायरेक्शन एका कमांडपुरतं तयार होतं, पाइपलाइनमधलं राहिलं होतं, कारण तीन कमांड चालल्याशिवाय ते तपासता येत नव्हतं. हे काम चार-पाच तासांचं. सर रविवारी सकाळी तपासायला बसतात आणि सोमवारी व्हायवा. म्हणजे शनिवार रात्रीपर्यंत मागितलं तर सरांच्या वेळापत्रकाला धक्का लागत नाही, रविवार दुपारपर्यंत मागितलं तर लागतो. ठरलं, चोवीस तास.

पाठवण्याआधी तिने होता तसा कोड वर्गाच्या गिट रिपॉझिटरीत टाकला. गुरुवार रात्रीपर्यंत किती झालं होतं याची तारखेसकट नोंद त्यामुळे झाली. मेल रात्री 9:20 ला गेला, मुदत संपायच्या 26 तास आधी:

> विषय: शेल असाइनमेंट: शनिवार रात्री 11:59 पर्यंत मुदतवाढीची विनंती (रोल नंबर, बॅच)
>
> सर, नमस्कार.
>
> शेल असाइनमेंटसाठी मला 24 तासांची मुदतवाढ मिळू शकेल का? मुदत शुक्रवार रात्री 11:59 आहे, मी शनिवार रात्री 11:59 पर्यंत मागते आहे.
>
> अडचण: तीन किंवा जास्त कमांडच्या पाइपलाइनमध्ये शेल अडकतो. `cat marks.txt | wc -l` चालतं. `cat marks.txt | sort | wc -l` प्रत्येक वेळी अडकतं, फाइल 40 ओळींची असली तरी. एरर येत नाही.
>
> आतापर्यंत पाहिलेलं: (1) पाइप भरत असेल असं वाटून `F_SETPIPE_SZ` ने तो 1 एमबीचा केला. त्याने मोठ्या फाइलवरचं `head` चालू लागलं, पण `sort` 40 ओळींवरही अडकतो, म्हणून हे मूळ कारण नाही. बदल काढून टाकला आहे. (2) `strace -f` मध्ये `cat` संपलेला दिसतो, `sort` आणि `wc` दोघेही `read(0, ` वर थांबलेले आहेत. (3) सगळ्या कमांड सुरू केल्यावर शेलची मूळ प्रोसेस सर्व पाइपची दोन्ही टोकं बंद करते, हे तपासलं.
>
> मला न कळलेलं: `cat` संपल्यावरही `sort` ला फाइल संपल्याचं का कळत नाही.
>
> स्थिती: एक कमांड, दोन कमांडचा पाइप आणि एका कमांडचं रिडायरेक्शन पूर्ण आहे. आजचा कोड रिपॉझिटरीत टाकला आहे. पाइपलाइनमधलं रिडायरेक्शन या बगमुळे तपासता येत नाही.
>
> बग सुटला नाही तरी शनिवारी ठरल्या वेळी जे चालतं ते देईन आणि जे चालत नाही ते रीडमीमध्ये लिहीन. मुदतवाढ शक्य नसेल तर हेच उद्या रात्री देईन. सोमवारच्या व्हायवाला मी वेळेवर येईन.
>
> आपली विद्यार्थिनी

पाहुणे आणि लॅपटॉप दोन्ही गेले. घरच्या अडचणी सांगूच नयेत असं मी म्हणत नाही. आजारपण किंवा घरातला मृत्यू असेल तर एका वाक्यात सांगावा, तेच मुदतवाढीचं कारण असतं. पण इथे काम अडलं होतं ते बगमुळे. कमजोर कारण पक्क्या कारणाशेजारी बसलं की पक्कं कारणही कमजोर दिसतं.

‘मला न कळलेलं’ ही ओळ तिला काढायची होती. सरांना वाटेल एवढंही येत नाही, ही भीती. मी ती हट्टाने ठेवायला लावली. बाकी सगळा मेल मुदत मागतो, ही एक ओळ मदत मागते, आणि तीही उत्तर देता येईल अशा शब्दांत. मुद्दा तीनही असाच महत्त्वाचा आहे. मूळ प्रोसेसमध्ये टोकं उघडी राहणं ही या असाइनमेंटमधली सर्वांत नेहमीची चूक. ती नाही हे आधीच सांगितलं नसतं, तर सरांचं पहिलं उत्तर तेवढंच विचारण्यात गेलं असतं.

सरांचं उत्तर रात्रीच आलं, दोन ओळींचं. “शनिवार 11:59 चालेल, गुण वजा होणार नाहीत. `sort` कडे पाहणं पुरे, आता `wc` च्या `/proc/<pid>/fd` मध्ये पाहा.”

शुक्रवारी सकाळी ती लॅब उघडायच्या आधीच दारात उभी होती. एका टर्मिनलवर शेल अडकवला, दुसऱ्यावर `ps` ने `wc` चा क्रमांक काढला आणि `ls -l` केलं. तारखा वगैरे गाळून दिसलं ते हे:

```
lr-x------ 0 -> pipe:[48213]
lrwx------ 1 -> /dev/pts/1
lrwx------ 2 -> /dev/pts/1
lr-x------ 3 -> pipe:[48212]
l-wx------ 4 -> pipe:[48212]
```

`wc` ला लागतो तो एकच पाइप, 48213, त्याच्या 0 क्रमांकावर. मग 48212 तिथे काय करतोय? तिने `sort` चीही यादी काढली. त्याचा 0 होता 48212. डावीकडच्या अक्षरांवर तिने बोट ठेवलं: 4 समोर `l-wx`, म्हणजे लिहिण्याचं टोक. `sort` ज्या पाइपमधून वाचतो, त्याचं लिहिण्याचं टोक `wc` धरून बसला होता.

पाइप वाचणाऱ्याला ‘संपलं’ हे कळतं, ते त्या पाइपचं लिहिण्याचं टोक जिथे जिथे उघडं आहे तिथे तिथे बंद झाल्यावरच. `fork` झाला की मुलाला बापाची सगळी उघडी टोकं वारशाने मिळतात, लागणारी आणि न लागणारी. `execvp` नेही ती बंद होत नाहीत. तिच्या कोडमध्ये प्रत्येक कमांड फक्त आपल्या शेजारचे पाइप बंद करत होती, डावीकडचा आणि उजवीकडचा. दोन कमांड असताना पाइप एकच, तो दोघींच्याही शेजारचा, म्हणून सगळं सुरळीत. तीन झाल्या की पहिला पाइप तिसरीच्या शेजारी येत नाही, आणि तो तिच्याकडे उघडाच राहतो. `sort` थांबलाय `wc` ने टोक सोडावं म्हणून, `wc` थांबलाय `sort` संपावा म्हणून. त्याच आठवड्यात वर्गात डेडलॉक शिकवून झाला होता. यादीकडे बघताबघता ती एकदम म्हणाली, “मॅडम, हे वर्तुळच आहे की!”

`head` च्या ओळीचाही उलगडा झाला. `head -1` ‘संपलं’ची वाट पाहतच नाही, एक ओळ घेऊन निघून जातो, म्हणून छोट्या फाइलवर काहीच अडत नव्हतं. मोठ्या फाइलवर, वाचणारा गेल्याचं कळून `cat` ने बंद पडायला हवं होतं. पण पहिल्या पाइपचं वाचण्याचं टोकही `wc` कडे उघडं होतं (वरच्या यादीतला 3), त्यामुळे लिनक्सच्या लेखी वाचणारा अजून हजर होता आणि `cat` भरलेल्या पाइपपाशी थांबून राहायचा. आणि `cat` थांबला की `wc` ही थांबायचा, कारण दुसऱ्या पाइपचं लिहिण्याचं टोक `cat` कडे तसंच उघडं होतं. 64 केबीचा आकडा खरा होता, पण ते लक्षण होतं. पाइप मोठा केल्यावर लक्षण पुढे ढकललं गेलं, एवढंच.

दुरुस्ती चार ओळींची. प्रत्येक मुलात, `dup2` झाल्यानंतर आणि `execvp` च्या आधी:

```c
for (int j = 0; j < n - 1; j++) {
    close(p[j][0]);
    close(p[j][1]);
}
```

`dup2` ने 0 आणि 1 वर केलेल्या प्रती यात बंद होत नाहीत, त्यामुळे लागणारं टोक शाबूत राहतं. `pipe2` ला `O_CLOEXEC` देऊनही हेच साधतं, पण असाइनमेंटच्या यादीत `pipe2` नव्हतं.

बग सुटला तेव्हा शुक्रवारचे दहा वाजले होते. मूळ मुदतीला चौदा तास होते, आणि ती मला विचारायला आली की आता मुदतवाढ वापरणं बरोबर आहे का. शुक्रवारी तिला पाचपर्यंत कॉलेजचे तास होते, आणि पाइपलाइनमधलं रिडायरेक्शन अजून हातच न लावलेलं. तिने सरांना तीन ओळींचा मेल टाकला: कारण सापडलं, `wc` कडे पहिल्या पाइपचं लिहिण्याचं टोक उघडं होतं, आता रिडायरेक्शन पूर्ण करते आहे, शनिवारची वेळ लागेल. हा दुसरा मेल बहुतेक मुलं पाठवत नाहीत. मुदत मिळाली की विषय संपला असं त्यांना वाटतं, आणि ज्याने वेळ दिला त्याला पुढे काय झालं ते कधीच कळत नाही.

सबमिशन शनिवारी दुपारी चारला आलं. रीडमीमध्ये एक मर्यादा नोंदवली होती: अवतरण चिन्हातली मोकळी जागा तिचा शेल ओळखत नाही. व्हायवामध्ये सरांनी तिला फळ्यावर तीन कमांड आणि दोन पाइप काढायला लावले आणि विचारलं की चार कमांड असत्या तर कुणाकडे कोणतं टोक उरलं असतं. तिने खडू घेतला आणि चौथीपासून मागे मोजायला सुरुवात केली.